वेटर पाहिजेत, कॅशियर पाहिजे : वनक्षेत्रातील उपाहारगृहाच्या जाहिरातीत काय असावे?

ऑक्टोबर जवळ आला की चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या प्रवेशद्वारांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हातांनी रंगविलेल्या पाट्या दिसू लागतात. मोहर्ली असो की कोलारा, पाटीवरील मजकूर बहुधा एकाच ठशाचा असतो : "वेटर पाहिजेत. कॅशियर पाहिजे. पगार योग्यतेनुसार. राहण्या-जेवणाची सोय. ताबडतोब भेटा." गावातील तरुण ही पाटी वाचून ग्रामपंचायत सदस्याकडे किंवा शाळेतील गुरुजींकडे येतो आणि विचारतो, "जाऊ का?" त्याला उत्तर देणाऱ्यापाशी माहिती मात्र त्या पाटीवर असते तेवढीच, आणि पाटीवर जवळजवळ काहीच नसते.

पगार किती, काम किती तास, रात्री घरी परतायचे कसे, पावसाळ्यात नोकरी राहणार की सुटणार, गल्ल्यात पैसे कमी पडले तर कोणाच्या पगारातून जाणार, या प्रश्नांची उत्तरे आधी लेखी मिळाली नाहीत तर ती पुढे भांडणातून मिळतात. म्हणून उपाहारगृहाची जाहिरात कशी लिहावी, आणि ती वाचणाऱ्याने तीत काय शोधावे, हा विषय वरवर किरकोळ वाटला तरी या भागात तो सविस्तर समजून घेण्याजोगा आहे.

जंगलाच्या वेळापत्रकावर चालणारे काम

शहरातील खाणावळ दुपारी आणि रात्री गजबजते. व्याघ्रप्रकल्पाच्या दारातील उपाहारगृहाचा दिवस मात्र सफारीच्या वेळांवर बेतलेला असतो. सकाळची सफारी सूर्योदयाच्या सुमारास सुटते, त्यामुळे पहाटे पाचच्या आधीपासून चहा-बिस्किटांची मागणी सुरू होते. पर्यटक परतले की नाश्ता व जेवण यांची एकच झुंबड उडते. दुपारची सफारी सुटली की टेबले ओस पडतात आणि अंधार पडल्यावर रात्रीच्या जेवणासाठी पुन्हा भरतात.

या भरती-ओहोटीमुळे एक मोह निर्माण होतो. तोच वेटर पहाटे ५ ते ९, मग ११ ते दीड आणि पुन्हा सायंकाळी ७ ते रात्री १० असा तीन तुकड्यांत वापरावयाचा. बेरीज केली तर काम साडेनऊ तासांचे भरते आणि मालकाला ते फारसे जाचक वाटत नाही. परंतु पहिल्या चहापासून शेवटच्या ताटापर्यंत १७ तास उलटलेले असतात. मधले मोकळे तास गाव दूर असल्याने घरी घालविता येत नाहीत, आणि झोपेसाठी पुढल्या पहाटेपर्यंत सात तासही पुरते उरत नाहीत.

कायद्याने ही पळवाट ओळखलेली आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७ याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक केली. त्याबरोबरच कामाचा एकूण विस्तार, म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा काळ, साडेदहा तासांपेक्षा अधिक असू नये असे ठरविले. काम तुटक किंवा तातडीचे असेल तर हा विस्तार १२ तासांपर्यंत चालतो. वरील उदाहरणातील १७ तास कोणत्याही हिशेबाने त्यात बसत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. हा अधिनियम मुळात १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या २० वर नेण्यास आणि दैनिक मर्यादा १० तास करण्यास मंजुरी दिली. प्रवेशद्वारालगतची बहुतेक उपाहारगृहे आठ-दहा किंवा पंधरा माणसांवर चालतात. म्हणजे ज्या ठिकाणी या तरतुदींची सर्वाधिक गरज, तेथेच त्यांचा आधार तोकडा पडण्याची शक्यता आहे. अशा लहान उपाहारगृहात कामाचे तास कोणते, याचा मुख्य पुरावा म्हणजे मालकाने स्वतः लिहून दिलेला कागद. जाहिरात हा त्यातील पहिला कागद होय.

यावर सोपा उपाय दोन पाळ्यांचा आहे. पहिली पाळी पहाटे ५ ते दुपारी दीड आणि दुसरी दुपारी १ ते रात्री साडेनऊ. दोन्हींत अर्ध्या तासाची सुटी धरली तर प्रत्यक्ष काम ८ तासांचे होते. आठवड्याचे सहा दिवस धरून ४८ तास पुरे होतात. दुपारी १ ते दीड या अर्ध्या तासात दोन्ही पाळ्या एकत्र असतात, त्या वेळी हिशेब व टेबले एकाकडून दुसऱ्याकडे सोपविता येतात. जाहिरातीत "८ तास काम" एवढेच न लिहिता पाळीची सुरुवात व शेवट घड्याळाच्या वेळेने लिहिला, तर तुकड्या पाडण्यास जागा उरत नाही.

रात्रीचा रस्ता

साडेनऊला पाळी संपते, पण वेटरचा दिवस तेव्हा संपत नाही. त्याला घरी पोहोचावयाचे असते. मोहर्लीच्या भोवतालची गावे बफर क्षेत्रात आहेत. वाघ, बिबट व अस्वल यांचा वावर जसा गाभा क्षेत्रात, तसाच या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवरही असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत आणि शेजारच्या गडचिरोलीत माणूस व वाघ यांच्यातील संघर्षाने अनेक बळी घेतले आहेत. पहाटे साडेचारला सायकलने कामावर निघणारा आणि रात्री दहाला एकटा परतणारा मुलगा हा धोका रोज दोनदा पत्करतो.

म्हणून या भागातील जाहिरातीत प्रवासाचे कलम ऐच्छिक समजू नये. "राहण्याची सोय" असे लिहिले असेल तर खोलीत किती जण राहतील, स्त्रियांची खोली व स्वच्छतागृह वेगळे आहे काय आणि भाडे पगारातून कापले जाईल काय, हे सांगितले पाहिजे. वाहन असेल तर ते कोणत्या गावांपर्यंत आणि किती वाजता जाईल, हे लिहावे.

स्त्री-कर्मचाऱ्यांच्या बाबतीत २०१७ च्या अधिनियमाने रात्री साडेनऊ ते सकाळी ७ या वेळेत काम देण्यास बंधन घातले आहे. त्यांची संमती असेल आणि संरक्षण, विश्रांतिकक्ष, स्वच्छतागृह व घरापर्यंत वाहतूक यांची व्यवस्था असेल, तरच तसे काम देता येते. दुसरी पाळी साडेनऊला संपविण्याचा येथे आणखी एक लाभ दिसतो : तीत स्त्रियांना अडचणीशिवाय घेता येते. "फक्त मुलगे पाहिजेत" असे लिहिण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. आणि समान कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करण्यास कायद्याची मुभाही नाही.

"पगार योग्यतेनुसार" याचा अर्थ काय?

हे दोन शब्द माहिती दिल्याचा भास निर्माण करतात. योग्यता कोण मोजणार आणि कधी, हे त्यांत नसते. महिनाभर काम करून घेतल्यावर ती मोजली जाते, तेव्हा कामगाराच्या हाती घासाघीस करण्याचे साधन उरलेले नसते.

किमान वेतन कामगारांच्या संख्येवर अवलंबून नसते. दोनच वेटर असलेल्या उपाहारगृहालाही ते द्यावे लागते. राज्यात या दराचे दोन भाग असतात : मूळ किमान वेतन आणि महागाईनुसार जानेवारी व जुलैमध्ये बदलणारा विशेष भत्ता. कामाच्या कुशलतेप्रमाणे आणि क्षेत्राप्रमाणे दर वेगळे असतात. त्यामुळे जाहिरात देण्यापूर्वी चालू सहामाहीचा दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून पाहून घ्यावा. गतवर्षीची पाटी पुन्हा रंगविल्यास आकडा कायद्याखाली घसरलेला असू शकतो.

जाहिरातीतील रक्कम महिन्याची, ठोक आणि आकड्यांत असावी. समजा, वेटरचे मासिक वेतन १४,५६० रुपये ठरले. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरल्यास दिवसाचे ५६० रुपये होतात. ८ तासांनी भागले की तासाचे ७० रुपये. जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट, म्हणजे तासाला १४० रुपये. गर्दीच्या दिवसांत महिन्याला १० तास जादा काम झाले, तर १,४०० रुपये अधिक मिळाले पाहिजेत. एवढा हिशेब जाहिरातीतच दिला तर सातवी-आठवी शिकलेल्या उमेदवारालाही आपली मजुरी मोजता येते.

दुसरा प्रश्न बक्षिशीचा. पर्यटक खुशीने देतात ते पैसे वेतनाचा भाग नव्हेत. "पगार व टिप मिळून १५ हजार" अशी बेरीज फसवी आहे, कारण तीत मालकाने द्यावयाची रक्कम लपून जाते. बिलात आपोआप सेवाशुल्क जोडण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. तेव्हा बक्षीस ऐच्छिकच राहते. ते एका पेटीत जमा होऊन सर्वांत वाटले जाते की ज्याचे त्याला मिळते, एवढे मात्र आधी सांगावे.

गल्ला आणि त्याची जबाबदारी

कॅशियरच्या जाहिरातीत "प्रामाणिक व हिशेबात पक्का" असे लिहिण्याची प्रथा आहे. त्याहून उपयोगी म्हणजे त्याने रोज नेमके काय करावयाचे ते लिहिणे. पाळी सुरू होताना सुट्या पैशांची रक्कम मोजून घेणे, प्रत्येक टेबलाचे बिल करणे, रोख, यूपीआय व कार्ड यांच्या जमा वेगवेगळ्या नोंदविणे, भाजी-दुधासाठी दिलेल्या पैशांच्या पावत्या ठेवणे आणि पाळी संपताना ताळा जुळवून पुढील कॅशियरच्या सहीने गल्ला सोपविणे, हे ते काम होय.

एका पाळीचा ताळा असा होतो. सकाळी गल्ल्यात २,००० रुपये सुटे होते. दिवसाची बिले ३१,४६० रुपयांची झाली. त्यांपैकी १७,६२० रुपये यूपीआयने व २,६०० कार्डाने आले. उरलेले ११,२४० रुपये रोख. दूधवाल्याला व भाजीला ४८० रुपये दिले. म्हणजे गल्ल्यात २,००० अधिक ११,२४० वजा ४८०, असे १२,७६० रुपये असले पाहिजेत. प्रत्यक्षात १२,५६० भरले, तर २०० रुपयांची तूट आहे.

ही तूट कोठून आली हे शोधण्याचाही क्रम असतो. प्रथम पावत्या पाहाव्यात, कारण घाईत दिलेल्या पैशांची नोंद राहून जाते. नंतर यूपीआयने आलेली एखादी रक्कम चुकून रोख म्हणून नोंदविली गेली काय, ते बँकेच्या नोंदीवरून तपासावे. जंगलालगत नेटवर्क वारंवार जाते. ग्राहक मोबाइलवर "पैसे गेले" असे दाखवितो आणि खात्यात ते आलेले नसतात. अशा वेळी काय करावे, हे मालकाने आधीच ठरवून द्यावे. ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा ही पावती नव्हे. खात्यातील जमा हीच पावती.

सर्व तपासूनही तूट राहिली, तरी ती सरसकट पगारातून कापता येत नाही. कामगाराकडे सोपविलेल्या पैशांची हानी त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाली असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर. हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून चालत आला असून वेतन संहिता, २०१९ मध्येही तो कायम आहे. ही संहिता इतर तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिले पाहिजे, असे ती सांगते. ज्या गल्ल्याला तिघांचा हात लागतो, त्याच्या तुटीला एकट्या कॅशियरला जबाबदार धरणे न्याय्य ठरत नाही. म्हणून गल्ल्याची किल्ली पाळीपुरती एकाकडेच राहील, हे वाक्य जाहिरातीत असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

हंगाम आणि गावाचे पंचांग

ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील सफारी मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद राहते. मंगळवारची साप्ताहिक सुटी त्यामुळे सहज ठरते. पावसाळ्याचे तसे नाही. "कायम नोकरी" म्हणून रुजू झालेल्या मुलाला जुलैत घरी बसविले तर ती फसवणूक होते. "१ ऑक्टोबर ते ३० जून" असे आधी लिहिले असेल तर तो रोवणीच्या कामाची आखणी करू शकतो.

या नऊ महिन्यांत साधारणतः २७३ दिवस येतात. ३९ मंगळवार वजा केल्यास २३४ उरतात. २०१७ च्या अधिनियमानुसार भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम आवश्यक आहे, म्हणजे हंगामी कामगार अवघ्या सहा दिवसांनी वंचित होतो. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे; पण ती संहिताही फार लहान आस्थापनांपर्यंत पोहोचत नाही. मालकाने जाहिरातीतच "दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस" असे लिहिले, तर २३४ दिवसांवर ११ दिवसांची रजा मिळते आणि प्रश्न मिटतो.

आणखी एक बाब बाहेरून आलेल्या व्यावसायिकाच्या सहसा लक्षात येत नाही. पर्यटकांची मोठी गर्दी उन्हाळ्यात होते, आणि त्याच काळात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मे महिन्यात तेंदूपाने गोळा केली जातात. अनेक कुटुंबांची वर्षाची रोकड या कामातून येते. तेव्हा गावातील मुले अचानक दिसेनाशी होतात आणि "येथील माणसे कामाला टिकत नाहीत" असा शेरा मारला जातो. आळीपाळीने रजा देण्याचे कलम ठेवल्यास हा प्रसंग टळतो.

कोणते कौशल्य खरोखर लागते?

वेटरसाठी "पदवीधर, अस्खलित इंग्रजी" ही अट घातली की गावातील उमेदवार आपोआप गळतो. वेटरला मराठीबरोबर कामापुरते हिंदी, ऑर्डर बिनचूक लिहिता येणे, पदार्थांची नावे इंग्रजीतही ओळखता येणे आणि स्वच्छतेची सवय एवढे पुरते. गोंडी, तेलुगू किंवा बंगाली येणे ही या दोन जिल्ह्यांत जमेची बाजू समजावी. कॅशियरला बेरीज-वजाबाकी, संगणकावर बिल करणे आणि बँकेची नोंद वाचणे आले पाहिजे. वय १८ वर्षे पूर्ण असावे. १४ वर्षांखालील मुलांना धाबे व उपाहारगृहांत ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे. अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी अन्नसुरक्षा नियमांनुसार होते. तिचा खर्च मालकाने करावयाचा, हेही लिहावे.

जाहिरातीचा एक नमुना

वरील सर्व गोष्टी एका पानात बसतात. पुढील नमुन्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

"मोहर्ली प्रवेशद्वाराजवळील उपाहारगृहासाठी वेटर ६ व कॅशियर २ पाहिजेत. स्त्री-पुरुष दोघेही अर्ज करू शकतात. वय १८ पूर्ण.

मुदत : १ ऑक्टोबर ते ३० जून. पुढील हंगामात जुन्या कर्मचाऱ्यांना प्रथम बोलावू.

वेळ : पहिली पाळी पहाटे ५ ते दुपारी १.३०, दुसरी पाळी दुपारी १ ते रात्री ९.३०. प्रत्येकीत अर्धा तास सुटी. पाळी दर पंधरवड्याने बदलेल. पहाटेच्या पाळीत स्त्रियांना त्यांच्या लेखी संमतीनेच नेमले जाईल. मंगळवारी सुटी.

वेतन : वेटर दरमहा १४,५६० रुपये, कॅशियर दरमहा १६,६४० रुपये. ७ तारखेपर्यंत बँक खात्यात. जादा कामास तासाला अनुक्रमे १४० व १६० रुपये. बक्षीस वेगळे, पेटीत जमा करून दर मंगळवारी सर्वांत समान वाटप.

वेटरची कामे : टेबल मांडणे, ऑर्डर घेणे, वाढणे, टेबल स्वच्छ करणे. भांडी घासणे व स्वयंपाक यांत समाविष्ट नाही. कॅशियरची कामे : बिल करणे, जमेची नोंद, पाळीअखेर ताळा. गल्ल्याची किल्ली पाळीपुरती एकाकडेच राहील. तुटीबाबत लेखी खुलासा घेतल्याशिवाय कपात नाही.

पात्रता : वेटर – मराठी व कामापुरते हिंदी, लिहिता-वाचता येणे, अनुभवाची अट नाही, ७ दिवसांचे प्रशिक्षण भरपगारी. कॅशियर – बारावी, संगणकावर बिल करता येणे.

सोयी : कामावर असताना दोन वेळचे जेवण व राहणे विनामूल्य, स्त्रियांची खोली वेगळी. घरी जाणाऱ्यांस दोन्ही पाळ्यांसाठी वाहन. दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा. मोहफूल व तेंदू हंगामात आळीपाळीने ४ दिवस बिनपगारी रजा.

निवड : मुलाखत व एक तासाचे प्रात्यक्षिक. अनामत रक्कम किंवा मूळ प्रमाणपत्रे घेतली जाणार नाहीत. रुजू होताना लेखी नियुक्तिपत्र दिले जाईल."

हा मजकूर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येतो आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडेही पाठविता येतो. फलकावर लावताना त्याची एक प्रत तारीख घालून दप्तरी ठेवावी. पुढे नियुक्तिपत्रातील वेळ किंवा पगार जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर ती प्रत समोर ठेवून बोलता येते. आणि पाटी वाचून आलेल्या तरुणाने "जाऊ का?" असे विचारले, तर गुरुजींना त्याच्यासोबत बसून मजकुराच्या ओळीवर बोट ठेवता येते : घरून किती वाजता निघावे लागेल, रात्री कोण सोडील, आणि महिन्याअखेर हातात नेमके किती पडतील.